दोन-चार दिवस

लेहला पहिल्यांदा पोस्टिंग झाली तेव्हा पत्नी आणि सहा महिन्यांची मुलगी मला सोडायला दिल्लीपर्यंत आल्या. मामा दिल्लीत नोकरीला होते, दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. मी फोन केला, "मामा, आम्ही दोन-चार दिवस येतोय." मामा म्हणाले, "विचारतोस काय? ये!" मला वाटलं, झालं काम.

लेहचं विमान हवामानामुळे तीनदा रद्द झालं. मी गेल्यावरही पत्नीला परतीचं रिझर्वेशन लवकर मिळेना. दोन-चार दिवसांचे अकरा झाले. पुढे वर्षभराने आईकडून कळलं, की त्याच दिवसांत मामेबहिणीची बारावीची परीक्षा होती आणि ती जिन्यात बसून अभ्यास करायची. आम्हाला कुणी चकार शब्द बोललं नव्हतं.

चूक माझीच होती. मी विचारलं नव्हतं, कळवलं होतं. ऑर्डर्समध्ये तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय सही न करणारा मी, नातेवाइकांना मात्र 'दोन-चार' सांगत होतो. शिवाय फोनवर लगेच उत्तर द्यावं लागतं. मामीला विचारायची सवडच मामांना मिळाली नाही, आणि घर तर तीच चालवत होती.

यंदा जबलपूरहून सिकंदराबादला बदली झाली. क्वार्टर चार दिवस उशिरा मिळणार होतं. तीच मामेबहीण आता तिथे संसार करते. या वेळी मी फोन न करता तिला मेसेज लिहिला:

"अगं, आम्ही चौघं १२ तारखेला सकाळी पोचतो. क्वार्टर १६ ला मिळेल. मेसच्या गेस्टरूमला नाव नोंदवलं आहे, त्यामुळे अडचण काहीच नाही. तुमच्याकडे जमत असेल तर मुलांना आवडेल. सामान ट्रकने परस्पर येईल, आमच्यासोबत चार बॅगा. घरात सगळ्यांशी बोलून रविवारपर्यंत सांग. नाही जमलं तर एक दिवस जेवायला येऊ."

गेस्टरूमची नोंद खरी होती, हे महत्त्वाचं. दुसरी सोय केलेली नसताना "अडचण नाही" असं लिहिलं, तर समोरच्याला ते बरोबर कळतं. उत्तरासाठी दिवस दिला, म्हणजे तिला नवऱ्याशी आणि सासूबाईंशी बोलता आलं. आणि 'नाही'नंतर काय करायचं तेही मीच सांगून टाकल्यामुळे तिला कारणं शोधावी लागली नसती.

शनिवारी उत्तर आलं. "दादा, १४ ला सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. १२ आणि १३ नक्की या, पुढे गेस्टरूम चालेल का?"

चालेल का म्हणजे काय! दोन रात्री मनसोक्त गप्पा झाल्या. १४ ला सकाळी चादरी घड्या करून, चहा घेऊन आम्ही निघालो. निघताना ती हसत म्हणाली, "दादा, या वेळी जिन्यात बसावं लागलं नाही."

तिच्या लक्षात होतं तर.