डब्याचा हिशेब



आमच्या वहिनींनी मागच्या वर्षी घरगुती डबा सुरू केला. स्वयंपाक उत्तम, त्यामुळे ग्राहकांची चिंता नव्हती. पहिले तीन डबे माझ्याच शाळेत आले. बाहेरगावचे दोन शिक्षक खोली घेऊन राहतात, तिसरी मी. त्यांनी बँकेत सांगितलं आणि महिन्याभरात दहा डबे झाले. जाहिरात अशी केलीच नाही.

भाव मात्र अंदाजाने ठरला, पन्नास रुपये. तीन पोळ्या, भाजी, वरण, भात. दोन महिन्यांनी वहिनी म्हणाल्या, "ताई, दिवसभर राबते, पण हातात काही उरत नाही हो." मी वर्गात नफा-तोटा शिकवते, पण घरात कधी विचारलं नव्हतं. वही घेऊन बसलो.

दहा डब्यांचा किराणा आणि भाजी अडीचशे रुपये. वहिनी एवढंच धरत होत्या. गॅस, पेट्रोल, साबण मिळून आणखी शंभर. म्हणजे डब्याला पस्तीस रुपये खर्च. उरले दिवसाचे दीडशे, चार तासांच्या कामाचे! तासाला साठ रुपये मजुरी धरली तर डब्यामागे चोवीस वाढतात. हरवलेले डबे, वाया गेलेलं अन्न यांचे सहा. झाले पासष्ट. भाव वाढवायला त्यांना फार संकोच वाटला. दोघांनी डबा बंद केला, आठ जण राहिले, आणि आठ डब्यांतही हातात आधीपेक्षा जास्त उरलं. पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि सुट्टी आदल्या रात्री आठपर्यंत कळवायची, हेही तेव्हाच ठरलं. उधारी आणि ऐनवेळी "आज नको" म्हणणं, यात आधी बरंच गेलं होतं.

मे महिन्यात एकाच्या वरणाला आंबूस वास आला, वर फेसही होता. वरण सकाळी आठला भरलेलं, खाल्लं दोनला. स्टीलच्या डब्यात अन्न तासाभरात कोमट होतं आणि कोमट अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. भाताचंही तसंच, फक्त वासावरून लवकर कळत नाही. आता वरण-भात शेवटी होतो, डबे अकराला भरतात, साडेबाराला पोचतात. झाकणाची रबरी रिंग रोज काढून घासायची. वास तिथेच अडकतो, हे मलाही तेव्हाच कळलं. घरगुती डब्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, तीही आम्ही उशिराच केली. तुम्ही आधी करा.

परवा बँकेतून आणखी चार डब्यांची विचारणा झाली. वहिनींनी लगेच हो म्हटलं नाही. आधी वही काढली. एकाच शेगडीवर बारा डबे अकरापर्यंत होतील का, ते बघून सांगते म्हणाल्या.