पंचविसाव्या तारखेचं नाही

कराडच्या एका बाईंचा मेल 25 नोव्हेंबरला आला. लेकीच्या रुखवतात मांडायला त्यांनी आमच्याकडून साडेसातशे वॅटचा मिक्सर घेतला होता, 4,299 रुपयांचा. खोकं 6 तारखेला घरी पोचलं, लग्न 23ला झालं आणि लेकीने पहिलं वाटण 24ला केलं. ‘फार आवाज करतो. पैसे परत करा.’ आमची परतीची मुदत माल हातात पडल्यापासून दहा दिवसांची, म्हणजे 16लाच संपलेली.

अशा मेलला तयार उत्तर असतं. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’पासून सुरू होणारं, आणि नकार चौथ्या परिच्छेदात कुठेतरी दडवलेलं. मी तो साचा वापरणं केव्हाच सोडलं. पण नाही म्हणण्याआधी एक गोष्ट तपासावीच लागते: आपल्याला नाही म्हणता येतं का? 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तिथे दहा दिवसांच्या मुदतीआड लपता येत नाही. नव्या मुलांची इथेच गल्लत होते. तारीख पाहतात आणि साचा चिकटवतात.

म्हणून आधी बाईंना फोन केला. आवाज एकाच भांड्याला येतो की तिन्ही भांड्यांना? खडखड एकाच भांड्यात असेल, तर पात्याचं बुश किंवा भांड्याखालचा कपलर. तिन्हीत असेल तर मोटर, किंवा मग काहीच नाही, कारण साडेसातशे वॅटचा मिक्सर बोलतोच. वीस सेकंदांचा व्हिडिओ मागवला, आमच्या तंत्रज्ञाला ऐकवला. ‘खडखड नाही, एकसारखा सूर आहे,’ तो म्हणाला, ‘पण फोनवरून शपथ घेणार नाही.’ बोलता बोलता खरी अडचणही कळली. लेकीचं घर एका खोलीचं, जावयाची रात्रपाळी, आणि सकाळी आठला चटणी वाटायची चोरी.

मग उत्तर लिहायच्या आधी दोन फोन केले. कराडच्या सेवा केंद्राला, शनिवारी माणूस जाऊ शकेल का म्हणून. आणि गोदामाला, एकदा वापरलेला मिक्सर किती कापून परत घ्याल म्हणून. नऊशे, ते म्हणाले. साहेबांची मंजुरी लेखी घेतली. पर्याय लिहून मोकळं व्हायचं आणि मग तो जमतो का ते पाहायचं, यासारखी फसवणूक नाही. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा नकार ऐकतं, तोही आपण दिलेल्या शब्दावर.

पत्र असं गेलं:

‘मिक्सर आपल्याला 6 नोव्हेंबरला मिळाला आणि परतीची मुदत 16ला संपली, त्यामुळे रोख परतावा देता येणार नाही. लग्नापर्यंत खोकं उघडलं गेलं नाही हे समजलं, पण त्याने हा निर्णय बदलत नाही. दोन गोष्टी मात्र करता येतील. शनिवारी, 29 तारखेला तंत्रज्ञ लेकीच्या घरी येऊन मिक्सर तपासेल, खर्च आमचा. त्याने दोष लिहून दिला, तर मुदतीचा प्रश्न उरत नाही. मिक्सर बदलून घ्यायचा की पैसे, हे आपण ठरवा. दोष नसेल आणि आवाजच नको असेल, तर तो 3,399 रुपयांना परत घेऊ. त्यातून 2,799चा पाचशे वॅटचा मिक्सर घेता येईल. उरलेले 600 आपल्या खात्यावर सहा महिने राहतील. तो थोडा कमी आवाज करतो, मुका नाही. आणि ओल्या खोबऱ्याला त्याला वेळ लागतो. निर्णय मान्य नसेल, तर आमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांचा पत्ता खाली आहे.’

साहेबांना दोन वाक्यं खटकली. शेवटचं, कारण आपणच तक्रारीचा रस्ता कशाला दाखवायचा, आणि खोबऱ्याचं. अधिकाऱ्याचं नाव-पत्ता तसाही जाहीर करावाच लागतो, हे मी सांगितलं. खोबऱ्यावरून मात्र वाद झाला. मी ते वाक्य ठेवलं, कारण ते नसतं तर महिन्याभराने दुसरा मेल आला असता, आणि तेव्हा चूक आमची असती.

पत्रात नसलेल्या गोष्टीही मुद्दाम वगळल्या होत्या. ‘पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट’ नव्हती. जिचे 4,299 अडकले आहेत तिला आणखी खर्च करायला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. ‘वरिष्ठांशी बोलून बघते’ हेही नव्हतं. ते ऐकायला मऊ लागतं, पण माणूस आठवडाभर फोनकडे बघत बसतो आणि शेवटी नकार मिळतोच.

बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘पैसे मिळणार नाहीत ते कळलं. पटलं नाही. शनिवारी जावई झोपलेले असतात, माणूस रविवारी अकरानंतर पाठवा. आणि पाचशे वॅटच्यात शेंगदाण्याची चटणी होते का?’

होते, म्हणून कळवलं. थोडी थोडी घालून.