गज आणि जाळी

‘खिडकीतून आलेल्या उन्हाने जमिनीवर जाळीची नक्षी उमटवली होती’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या निबंधांत दरवर्षी भेटते; नामवंतांच्या कथांतही भेटते. जाळी म्हणजे गजांची चौकट असेल, तर वाक्य खरे आहे. ती डासांची असेल, तर लिहिणाऱ्याने खिडकी पाहिलेली नाही, असे मी खुशाल समजतो.

अल्लीपूरच्या आमच्या घरातील दक्षिणेची खिडकी घ्या. जूनमध्ये इथला सूर्य माध्यान्ही डोक्याच्या किंचित उत्तरेने जातो, म्हणून त्या खिडकीत ऊन नसतेच. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो भर दुपारीही ४६ अंशांवरच असतो आणि ऊन खोलीत दोन मीटरपर्यंत शिरते. खिडकीचे उभे गज १२ मिलिमीटर जाडीचे. प्रत्येकाची सावली भिंतीजवळ रेखीव सुरू होते, मध्यावर काळी रेघ असते; पण खोलीच्या आतल्या बाजूला ती पसरत, फिकट होत तिपटीने रुंद राखाडी पट्टा होते. गज तोच, सावली एकच, पण तिचे एक टोक ठाम आणि दुसरे पुसट.

कारण सूर्य हा बिंदू नाही. आपल्याला तो अर्ध्या अंशाची तबकडी दिसतो. त्यामुळे कोणत्याही वस्तूची गडद सावली तिच्या जाडीच्या साधारण शंभरपट अंतरावर संपते. गजाच्या बाबतीत हे अंतर सव्वा मीटर भरते. जाळीची तार पाव मिलिमीटरची. तिची सावली अडीच सेंटिमीटरवरच विरते. जाळीला जवळजवळ चिकटवून कोरा कागद धरा, वीण स्पष्ट दिसेल. वीतभर मागे न्या, कागद नुसता उजळ. जमिनीवर जाळी काहीच लिहीत नाही, फक्त ऊन थोडे कमी करते.

मग जाळी दिसते कुठे? शेजारी डेंग्यू झाल्यावर आम्ही ती बसवली, पांढरी प्लास्टिकची. आई म्हणाली, “आंगन मयकट दिसते बाप्पा.” डोळ्यांचा दोष असेल, असे घरात सर्वांनी ठरवले. पण तिचे निरीक्षण काटेकोर होते. तारा प्रकाशाचा चौथा-तिसरा हिस्सा अडवतात, हे एक. शिवाय ऊन थेट जाळीवर पडते तेव्हा पांढरी तार स्वतः चमकते आणि तिचा उजेड अंगणावर पातळ पदरासारखा पसरतो. डोळा बाहेरच्या निंबावर ठरलेला असल्याने एकेक तार दिसत नाही. दिसतो तो केवळ मळकेपणा. काळ्या जाळीत हा पदर फार कमी होतो. आम्ही ती बदलली. आता सकाळी आई निंबावरची पाखरे मोजते, आणि दिवा लागला की तीच जाळी आतून राखी पडद्यासारखी दिसू लागते व अंगण नाहीसे होते. तेव्हा ती खुर्ची वळवून बसते.

म्हणून ‘नक्षी’वर मी लाल रेघ मारतो, आणि समासात ‘मयकट’ लिहितो.