चौविहार आणि व्यायामशाळा

कापडाच्या दुकानात वडिलांसोबत बसणारा, साठ किलो वजनाचा एक तरुण नव्याने व्यायामशाळेत जाऊ लागला. दुकान बंद करून रात्री आठला तो वजने उचलत असे. 'व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिने पोटात गेली नाहीत, तर मेहनत वाया,' असे तेथील प्रशिक्षकाने बजावले. घरी चौविहार. 'मग नियम सोडणार का रे?' एवढेच आजीने विचारले.

वस्तुतः तो अर्धा तास इतका निर्णायक नाही. व्यायामानंतर स्नायूंची बांधणी साधारण एक दिवस वाढलेली राहते. महत्त्व दिवसभराच्या एकूण प्रथिनांना अधिक. नवशिक्यास वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम पुरतात. म्हणजे या तरुणाला ९६ ग्रॅम. त्यापुढे सहसा फारसा लाभ होत नाही.

खरी तूट निराळीच निघाली. डाळीत शेकडा २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणून वाटीभर वरणाला तो वीस ग्रॅम धरून चालला होता. पण तो आकडा कोरड्या डाळीचा. वाटीभर वरणात डाळ जेमतेम तीस ग्रॅम, प्रथिने सात. पोहे, पोळ्या, वरण, खिचडी मिळून त्याची बेरीज पन्नाशीच्या आसपासच थांबत होती.

मग आखणी बदलली. नवकारसीनंतर साठ ग्रॅम मूगडाळीचे धिरडे व पेलाभर तापवलेले दूध: २२ ग्रॅम. दुपारी चार पोळ्या, भाजी आणि दीड वाटी दाट वरण: २५. चारच्या सुमारास गल्ल्यावर बसूनच पन्नास ग्रॅम फुटाणे व मूठभर शेंगदाणे: १७. सूर्यास्तापूर्वी तीन पोळ्या, भाजी व शंभर ग्रॅम पनीर: ३०. एकूण ९४, दोन ग्रॅमसाठी कोणी खाते अडवीत नाही. एकाच जेवणात सारे कोंबण्यापेक्षा असे चार भाग स्नायूंना अधिक उपयोगी पडतात. कच्चे दही डाळीबरोबर घेतल्यास द्विदल होते, म्हणून दह्याला या बेतात जागा दिली नाही.

व्यायामाची वेळ मात्र बदलावीच लागली, ती पाण्यासाठी. रात्री घाम गाळून सकाळपर्यंत पाण्याविना राहणे उन्हाळ्यात धोक्याचे. आता तो न्याहारीनंतर तासाभराने जातो आणि दहाला दुकान उघडतो.

पहिल्या आठवड्यात पोट फुगले. डाळ व फुटाणे एकदम वाढवल्याचा तो परिणाम. प्रमाण निम्मे करून पंधरा दिवसांत हळूहळू वाढवले, दिवसा पाणी अधिक घेतले, तेव्हा त्रास थांबला. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र हा आहार वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.

उचललेली वजने आणि स्वतःचे वजन तो दर रविवारी वहीत मांडतो. महिनाभर दोन्ही आकडे हलले नाहीत, तर आधी एकूण आहार तपासायचा. कारण पोटभर अन्न नसेल, तर प्रथिनेही इंधन म्हणूनच खर्ची पडतात. संध्याकाळचे पनीर मोजून देण्याचे काम आता आजीकडे आहे.