गाडीतली धून आणि हरवलेला षड्ज

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत ऐकलेली एक धून पुण्यातल्या एका शाळाशिक्षिकेने कित्येक वर्षे शोधली. धून बासरीवरची होती. घाट चढण्यासाठी मागे जास्तीची इंजिने जोडायला गाड्या कर्जतला थांबतात, तेव्हा दाराशी बसलेल्या एका प्रवाशाने ती वाजवली. सोबत तंबोरा नव्हता, ठेका नव्हता, शब्दही नव्हते. गाडी हलली, माणसे आत चढली आणि बासरी थांबली. तिच्याजवळ राहिली ती एक छोटी सुरावट आणि वाजवणाऱ्याच्या बोटांची हालचाल. शेवटच्या सुरावर येताना त्याची सगळी बोटे सहाही छिद्रांवर टेकत, हे तिने समोरून पाहिले होते.

घरी पोचल्यावर तिने ती सुरावट पेटीवर बसवली. हे वेळेवर झाले हे महत्त्वाचे. नुसती गुणगुणून जपलेली चाल हळूहळू बदलते, ओळखीच्या गाण्यांची वळणे तिच्यात मिसळतात. शेवटचा सूर काळी एकवर धरला, तेव्हा सगळी धून काळ्या पट्ट्यांवर बसली. एकही पांढरी पट्टी लागली नाही. धुनेची मुख्य ओळ अशी होती: काळी तीन, चार, पाच, मग एक पट्टी वगळून थेट पुन्हा तीन, तिथून दोन आणि शेवटी एक. तीन आणि एक या दोन पट्ट्यांवर सूर लांबत होता.

पेटीच्या काळ्या पट्ट्या पाचच, आणि त्या पाचांतून पाच वेगवेगळे राग निघतात. काळी तीनला षड्ज मानले की भूप होतो. काळी चारला मानले की मध्यमाद सारंग, पाचला मालकंस, एकला दुर्गा आणि दोनला धानी. पट्ट्या त्याच राहतात. सा कुठला धरला यावर बाकीच्या सुरांची नावे आणि रागाचे नाव ठरते. याला मूर्च्छना म्हणतात. मैफलीत तंबोरा सुरू असतो, म्हणून ऐकणाऱ्याला सा शोधावा लागत नाही. गाडीतल्या एकट्या बासरीने मात्र सा सांगितलाच नव्हता.

पेटीवर तिच्या कानाला सर्वांत ओळखीचा वाटला तो भूप. शाळेच्या प्रार्थनेपासून भावगीतांपर्यंत हे सूर मराठी माणसाच्या कानावर पडतात, त्यामुळे पाच सुरांची धून आली की मन आपोआप तिकडे वळते. तिने काळी तीनला सा मानून वहीत लिहिले: सा रे ग सा, खालचा ध, खालचा प. त्याखाली ‘भूप’ अशी नोंद केली. पुढची सगळी शोधाशोध या एका नोंदीवर उभी राहिली. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेत बंदिशी स्वरलिपीसह छापलेल्या आहेत. तिने त्यातली भूपाची पाने पुन्हा पुन्हा चाळली. कॅसेटच्या दुकानात, आकाशवाणीवर, ओळखीच्या गायकांकडे तिने भूपच मागितला. त्या रागातली गाणी भरपूर मिळाली, पण ही ओळ कुठेच भेटली नाही.

मग एका बासरीवादकाला तिने ती ऐकवली आणि बोटे कशी पडत होती तेही सांगितले. त्यांनी लगेच भूप म्हटले, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबर होते. हिंदुस्तानी बासरीवर सा वरची तीन छिद्रे झाकून काढतात. सहाही झाकली की खालचा पंचम येतो. या हिशेबाने ओळ भूपाचीच दिसते. पण तीच बासरी सगळी छिद्रे झाकलेल्या सुराला सा मानूनही वाजवता येते. तसे मानले की एक छिद्र उघडल्यावर रे, तीन उघडल्यावर शुद्ध म, चार उघडल्यावर प आणि पाच उघडल्यावर ध मिळतो. हे दुर्गाचे पाच सूर झाले, आणि एकही छिद्र अर्धे झाकावे लागले नाही. एका पद्धतीतला भूप आणि दुसऱ्या पद्धतीतला दुर्गा यांत बोटे हुबेहूब सारखीच पडतात. त्यामुळे नुसती बोटे पाहून त्यांतला एक निवडणे शक्य नाही.

गाठ सुटली ती एका वयस्कर गायिकेकडे. शिक्षिकेने ओळ गाऊन दाखवताच त्यांनी विचारले, “तू सा कुठला धरलास?” उत्तर ऐकून त्यांनी तंबोरा काळी तीनला लावला आणि पुन्हा गायला सांगितले. ओळ बेसूर झाली नाही, पण शेवटी खालच्या पंचमावर लोंबकळत राहिली. तिथून वर सा गाठावा असे वाटत होते आणि धून तर तिथेच संपत होती. मग त्यांनी तंबोरा काळी एकला उतरवला, पहिली तार पंचमात मिळवली आणि तीच ओळ घ्यायला लावली. आता ती म प ध म रे सा अशी झाली आणि षड्जावर नीट येऊन टेकली.

“आता तो ध बघ,” गायिका म्हणाल्या. “तिथून खाली येताना प घेतलास का?” तिने घेतला नव्हता. धैवतावरून पंचम टाळून मध्यमावर येणे आणि तिथून रिषभाला जाणे ही दुर्गाची ओळखीची चाल आहे. मध्यमावर सूर थांबतो तोही याच रागात शोभतो. भूपात तीच जागा ग सा ध अशी होते. तिथे गंधारावरून उतरताना रे सहसा सुटत नाही, म्हणून ती उडी परकी वाटते. शेवटचा विसावा आणि मधली उडी या दोन्ही खुणा एकाच बाजूला पडल्या, तेव्हा उत्तर ठरले. यांतली एकच खूण मिळाली असती तर शंका उरली असती, कारण काही धुना मुद्दाम पंचमावर संपवतात आणि हलक्या धुना रागाचे नियम काटेकोर पाळतातच असे नाही.

धुनेचा राग असा सापडला. ती कोणाची आणि कुठल्या गाण्याची हे तिला पुढेही कळले नाही. दुर्गात पुष्कळ बंदिशी आणि गाणी आहेत आणि बासरीवाले स्वतःच्या मनानेही धुना रचतात. अशा धुनेला रागापलीकडे नाव नसणे अगदी शक्य आहे.

वहीतल्या जुन्या नोंदीखाली तिने नवे सूर आणि ‘दुर्गा’ लिहिले; जुनी नोंद खोडली नाही, कारण दोन्हींमधल्या पट्ट्या त्याच आहेत. कुठे तरी कानावर पडलेली धून ज्यांना शोधायची आहे त्यांनी सूर लिहिण्याआधी ती कुठे विसावते ते लिहावे, उतरताना कुठला सूर गाळते ते लिहावे, आणि मग तंबोरा एकेका सुरावर लावून पाहावा. रागाचे नाव त्यानंतर घ्यावे.