जागा आधी, सजावट नंतर

मासिकाचं पान गच्च वाटलं की दोष मजकुराला दिला जातो. लेख लांब आहे, लेखकाने काटछाट करू दिली नाही, फोटो फार आले, अशी कारणं पुढे होतात. मराठी मासिकांची आणि दिवाळी अंकांची पानं लावताना माझं मत वेगळं झालं आहे. मजकूर लावून झाल्यावर उरलेल्या फटींत ड्रॉप कॅप, पुलकोट आणि फोटोओळी बसवल्या जातात, म्हणून पान कोंदतं. या तिन्ही गोष्टींना लागणारी जागा ओळींत मोजता येते. ती मजकूर सोडण्याआधी मोजून बाजूला ठेवली, तर दाट मजकुराचं पानही मोकळं दिसतं. नंतर घुसवायला गेलं, तर त्या अक्षराला किंवा फोटोओळीला मजकुराशी भांडून जागा घ्यावी लागते आणि ते भांडण वाचकाच्या डोळ्याला जाणवतं.

मोजणीसाठी एक पान समोर ठेवू. आकार 210 × 280 मिलिमीटर, समास सोडून तीन कॉलम, प्रत्येक कॉलम 55 मिलिमीटर रुंद. मजकुराचा टाइप 11 पॉइंट आणि ओळींतलं अंतर, म्हणजे लीडिंग, 16 पॉइंट. अशा पानाच्या एका कॉलमात साधारण 42 ओळी बसतात आणि एका ओळीत सरासरी पाच शब्द येतात. रोमन लिपीची सवय असलेल्याला 16 पॉइंटांचं लीडिंग सढळ वाटेल, पण देवनागरीला ते लागतंच. अकरा पॉइंटांच्या अक्षराची शिरोरेघेपासून तळापर्यंतची उंची फाँटनुसार सात पॉइंटांच्या आसपास असते. म्हणजे एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या शिरोरेघेपर्यंत नऊ पॉइंट उरतात. त्यात वरून उकार, रकार आणि जोडाक्षरांचे पाय उतरतात, खालून वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार चढतात. दोन्ही बाजूंनी पावणेतीन पॉइंट धरले तर मध्ये साडेतीन पॉइंट पांढरे राहतात. लीडिंग 14 वर आणलं की हाच पांढरा पट्टा दीड पॉइंटाचा होतो. चार ओळी जास्त बसवायच्या म्हणून लीडिंग कमी करणं हा म्हणूनच सगळ्यात महाग उपाय आहे. त्याची किंमत पानावरच्या प्रत्येक ओळीला मोजावी लागते.

आता ड्रॉप कॅप. समजा लेख येवल्याच्या पैठणी विणकरांवर आहे आणि पहिला शब्द ‘मागावर’. मोठं करायचं ते ‘मा’, काना तोडून नुसता ‘म’ नव्हे. देवनागरीत ड्रॉप कॅपचा घटक म्हणजे मात्रा आणि जोडाक्षरासह पूर्ण अक्षर. ‘स्त्री’ने लेख सुरू होत असेल तर युनिकोडच्या हिशेबाने तिथे सहा चिन्हं आहेत, आणि मोठी करायची ती सहाही. सॉफ्टवेअरला ‘एक अक्षर’ सांगून मोकळं झालं की इथे चूक होते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, त्यामुळे ‘किनारा’ या शब्दातली नुसती वेलांटी मोठी होऊन बसते. किती चिन्हं मोठी करायची हा आकडा प्रत्येक लेखासाठी हाताने ठरवावा लागतो.

तीन ओळींची ड्रॉप कॅप हा ठरलेला पायंडा आहे, पण 55 मिलिमीटरच्या कॉलमात तो परवडत नाही. मोठ्या अक्षराची शिरोरेघ पहिल्या ओळीच्या शिरोरेघेला आणि तळ तिसऱ्या ओळीच्या तळाला जुळवायचा, तर उंची 39 पॉइंट होते आणि टाइप जवळजवळ 61 पॉइंटांचा घ्यावा लागतो. त्या आकाराचा ‘मा’ 19 मिलिमीटर रुंदी खातो. उरलेल्या जागेत जेमतेम तीन शब्द मावतात. ओळी दोन्हीकडून जुळवलेल्या असतील आणि ‘विणकरांच्या’सारखा लांब शब्द खाली गेला, तर मागे राहिलेल्या दोन शब्दांमध्ये मोठं भगदाड पडतं. दोन ओळींची ड्रॉप कॅप घेतली तर 36 पॉइंट पुरतात, ‘मा’ 11 मिलिमीटरांत बसतो आणि शेजारी चार शब्द सुखाने राहतात. तीन ओळींचं अक्षर रुंद, दोन कॉलमी पानासाठी राखून ठेवावं. शब्द ‘मी’ असेल तर वेलांटी शिरोरेघेच्या वर जवळपास नऊ पॉइंट चढते, म्हणून वर एक ओळ कोरी सोडायची. ‘कुणी’ असेल तर उकार पुढच्या ओळीच्या शिरोरेघेत घुसतो, म्हणून तीही ओळ आत सरकवायची. शिवाय शिरोरेघेने बांधलेला शब्द इथे तुटलेला असतो. मोठ्या अक्षराच्या आणि उरलेल्या ‘गावर’च्या मध्ये दीड मिलिमीटरहून जास्त अंतर ठेवलं, तर वाचक ‘गावर’पासून वाचायला लागतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ही प्रथा युरोपातल्या हस्तलिखितांतून आणि छपाईतून आली, देवनागरीच्या अंगाला ती बसत नाही, मग हवीच कशाला? माझ्या मते तिचं काम उरलं असेल तिथेच ती हवी. शीर्षक तिन्ही कॉलमांवर पसरलेलं आहे, खाली प्रस्तावनेच्या दोन ओळी आहेत, लेखकाचं नाव उजवीकडे आहे. अशा वेळी लेख नेमका कुठे सुरू होतो हे डोळ्याला दाखवावं लागतं. दोन ओळींचं अक्षर ते काम एका ओळीच्या खर्चात करतं. शीर्षकाच्या थेट खाली पहिलीच ओळ येत असेल, तर वाचक चुकणार नाही आणि ड्रॉप कॅप खुशाल काढून टाकावी. लेखाच्या मधल्या प्रत्येक उपशीर्षकाखाली ती पुन्हा लावणं तर चुकीचंच, कारण मग सुरुवात कोणती हेच कळेनासं होतं.

पुलकोटचा हिशेबही तसाच. 18 पॉइंटांचा टाइप आणि 24 पॉइंटांचं लीडिंग घेतलं, तर अवतरणाच्या चार ओळी मजकुराच्या बरोबर सहा ओळींएवढ्या होतात. वर-खाली एकेक ओळ कोरी धरून आठ. हा पूर्णांक जुळणं महत्त्वाचं आहे, कारण तो चुकला की पुलकोटखालच्या ओळी शेजारच्या कॉलमातल्या ओळींशी समांतर राहत नाहीत आणि पान तिरकं झाल्यासारखं वाटतं. या टाइपात एका ओळीला तीन शब्द, म्हणजे अवतरण फार तर बारा शब्दांचं. ‘धागा तुटलेला आधी कानाला कळतो, मग डोळ्याला’ असं सात शब्दांचं वाक्य लेखात असेल तर ते चालेल. पंचवीस शब्दांचं वाक्य कितीही सुंदर असलं तरी उचलू नये. जागा कॉलमच्या पूर्ण रुंदीची द्यावी. दोन कॉलमांच्या मध्ये पुलकोट ठेवून दोन्हीकडून मजकूर वळवण्याची जी हौस दिसते, तिने दोन्ही कॉलम अरुंद होतात, ओळीत दोन-तीन शब्द उरतात आणि भगदाडं पडतात. मूळ वाक्य शेजारीच असेल तर वाचकाला तेच दोनदा वाचावं लागतं, म्हणून मी पुलकोट मूळ वाक्याच्या आधी आणि शक्यतो वेगळ्या कॉलमात ठेवते. आणि एक खबरदारी शेवटच्या प्रूफपर्यंत घ्यावी लागते. संपादकाने मजकुरातलं वाक्य बदललं तरी पुलकोटमधलं जुनंच राहतं. दोन्ही शब्दशः जुळतात ना, हे मुद्रितशोधकाने वेगळं पाहायला हवं.

फोटोओळीसाठी साडेआठ पॉइंटांचा टाइप आणि 12 पॉइंटांचं लीडिंग मला सोयीचं वाटतं, कारण तिच्या चार ओळी मजकुराच्या तीन ओळींत नेमक्या बसतात. फोटो आणि फोटोओळ यांत दोन-तीन मिलिमीटर, आणि फोटोओळ व खालचा मजकूर यांत पूर्ण एक ओळ कोरी ठेवावी. हे अंतर उलटं झालं तर फोटोओळ मजकुराचा भाग वाटते आणि वाचक फोटोखालून थेट परिच्छेदात घसरतो. फोटो दोन कॉलमी असला तरी फोटोओळ एकाच कॉलमच्या रुंदीत ठेवावी आणि शेजारची जागा रिकामी राहू द्यावी. बारीक टाइपाची 116 मिलिमीटर लांब ओळ वाचताना डोळा पुढच्या ओळीचं तोंड चुकतो. जागा वाचवायला फोटोवरच पांढऱ्या अक्षरांत ओळ छापणं टाळावं, कारण छपाईत भोवतीची शाई पसरते आणि ‘क्ष’, ‘ह्म’ यांसारख्या अक्षरांचे बारीक फराटे बुजतात. ‘मागावर बसलेला विणकर’ ही फोटोओळ फुकट जागा खाते, ते तर दिसतंच आहे. ‘काठातल्या मोराच्या प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी’ असं लिहिलं तर वाचक पुन्हा फोटोकडे वळतो आणि त्या कांड्या शोधतो.

आता सगळं एकत्र मांडू. लेख दोन पानांचा आहे. पहिल्या पानावर शीर्षकाने बारा ओळींची उंची घेतली, तर तिथे 90 ओळी उरतात, दुसऱ्यावर 126. एकूण 216. दोन कॉलमी फोटोची उंची सोळा ओळी, फोटोओळीच्या तीन आणि कोरी एक, अशा वीस ओळी दोन कॉलमांत म्हणजे 40 गेल्या. पुलकोटच्या आठ, ड्रॉप कॅपची एक. मजकुराला राहिल्या 167 ओळी, म्हणजे साधारण 835 शब्द. लेख मात्र हजार शब्दांचा आला, त्याला 200 ओळी हव्यात. तूट 33 ओळींची. इथे पहिला बळी पुलकोटचा जावा, कारण तो लेखातलंच वाक्य पुन्हा सांगतो. आठ ओळी मिळाल्या. मग दोन कॉलमी फोटोऐवजी उभा, एक कॉलमी फोटो निवडावा, वीस मिळाल्या. उरलेल्या पाच ओळींसाठी लेखकाला पंचवीस शब्द कमी करायला सांगावेत. फोटोओळीला हात लावू नये, कारण तिच्यातली माहिती पानावर दुसरीकडे कुठेच नसते.

असा हिशेब केला तर सगळी पानं एका साच्यातली होतील, असं काही मांडणीकार म्हणतात. मला तसं वाटत नाही. ओळींचा हिशेब फक्त किती जागा आहे ते सांगतो. ती कुठे वापरायची, फोटो वर की खाली, पुलकोट दुसऱ्या कॉलमात की तिसऱ्या, हे प्रत्येक लेखाबरोबर बदलतं. दुसरा आक्षेप संपादकांचा असतो, की शब्द कापायला लेखक तयार होत नाहीत. लेख हातात आल्यावर सांगितलं तर नाहीच होणार. पण हा हिशेब लेख मागवतानाच होऊ शकतो. फोटो किती, शीर्षक केवढं, पुलकोट हवा की नको, हे मांडणीकाराला आधी विचारलं तर लेखकाला ‘दोन पानं’ असं मोघम सांगण्याऐवजी ‘आठशे शब्द’ असं नेमकं सांगता येतं. म्हणून लेखाची शब्दमर्यादा ठरते त्या बैठकीत मांडणीकाराला बसवावं, एवढीच माझी संपादकांकडे मागणी आहे.