शंकरपटाचा व्हिडिओ आणि अपिलाचे तीन शब्द

काढून टाकलेल्या व्हिडिओवर अपील केलं की पडद्यावर आधी Pending दिसतं, पुढे Under review, आणि शेवटी Decision made. शब्द प्रत्येक सेवेत थोडे वेगळे असतात, पण टप्पे साधारण हेच. हे तीन शब्द तुमचा कागद कुठे आहे एवढंच सांगतात. तो कुणी वाचला, किती वाचला, निकाल कोणत्या बाजूला झुकतोय, यातलं काहीही त्यात नसतं. लोक मात्र नेमकं तेच त्यात शोधतात.

*

वणी तालुक्यातला एक ओळखीचा मुलगा गावोगावच्या शंकरपटांचे व्हिडिओ काढतो. त्याचा एक व्हिडिओ एका सेवेने प्राण्यांच्या छळाचा नियम दाखवून काढला. त्याने अपील केलं आणि चार दिवसांनी फोन केला, "भाऊ, अजून पेंडिंगच दाखवून राह्यलं. म्हणजे नाही म्हणतेत का?" नाही म्हणत नव्हते. हो पण म्हणत नव्हते. तहसीलच्या आवक नोंदवहीत अर्जाचा नंबर पडला, पण बाबूने अजून फाइल उघडली नाही, तशी ती अवस्था. पेंडिंग चार तास राहिलं म्हणून बाजू पक्की नाही आणि दोन आठवडे राहिलं म्हणून कच्चीही नाही. त्या दिवसांत रांग किती लांब आहे, एवढंच त्यातून कळतं.

*

पेंडिंगच्या काळात व्हिडिओ खालीच राहतो आणि शिक्षाही चालूच असते. यूट्यूबवर पहिल्या चुकीला सहसा ताकीद मिळते. त्यानंतरच्या पहिल्या स्ट्राइकला आठवडाभर काही टाकता येत नाही. 90 दिवसांच्या आत दुसरी स्ट्राइक आली तर बंदी दोन आठवड्यांची, आणि तिसरी आली तर चॅनेलच जातं. अपील टाकलं म्हणून आठवड्याचं घड्याळ थांबत नाही. रविवारी पट आणि मंगळवारी स्ट्राइक, अशी वेळ आली तर पुढच्या रविवारचा पट हातचा गेला असंच धरून चालावं.

याच काळात दोन गोष्टी हमखास केल्या जातात आणि दोन्ही अंगलट येतात. काहीजण तो व्हिडिओच डिलीट करतात. त्याने स्ट्राइक जात नाही. काहीजण तोच व्हिडिओ थोडा कापून, नाव बदलून पुन्हा चढवतात. मशीनला तो ओळखू येतो, आणि पहिल्या अपिलाचा निकाल लागायच्या आधीच दुसरी स्ट्राइक पदरात पडते.

*

अंडर रिव्ह्यू वाचलं की लोकांच्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसलेला माणूस येतो. कधी तो असतोही. पण तपासणीच्या कामात मशीन आणि माणूस दोघंही असतात, आणि या क्षणी व्हिडिओ कुणापुढे आहे ते त्या दोन शब्दांवरून कळत नाही. माणूस असला तरी त्याला आपली बोली कळेलच असं नाही. यवतमाळच्या पटावर वऱ्हाडी बोलतात, पांढरकवडा-झरीकडे कोलामी आणि गोंडी कानावर येते. बैलाला दिलेली हाळी परक्या कानाला शिवी किंवा धमकी वाटू शकते. म्हणून अपिलात दृश्याइतकाच आवाजही समजावून सांगावा असं मी प्रत्येकाला सांगतो.

*

भाषा आणि रांग, या दोन्ही अडचणी एकाच प्रकरणात कशा येतात त्याचा नोंदलेला दाखला पंजाबीतला आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये फेसबुकवर एका वापरकर्त्याने ग्लोबल पंजाब टीव्हीचा 17 मिनिटांचा पंजाबी व्हिडिओ शेअर केला. त्यात एका प्राध्यापकांची मुलाखत होती, आणि व्हिडिओ व सोबतच्या मजकुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि भाजपवर टीका होती. पोस्ट पाचशेहूनही कमी वेळा पाहिली गेली होती. एका वापरकर्त्याने तक्रार केली आणि धोकादायक व्यक्ती व संघटनांच्या नियमाखाली ती काढली गेली. खात्यावरही निर्बंध आले.

वापरकर्त्याने अपील केलं. कोविडमुळे तपासणारे कमी होते, म्हणून ते अपील तपासलंच गेलं नाही. पेंडिंगचा सर्वात वाईट अर्थ हा: अर्ज पोचला, पण वाचायला कुणी नाही. पुढे कंपनीने नेमलेल्या स्वतंत्र ओव्हरसाइट बोर्डाने ते प्रकरण निवडलं. तेव्हा कुठे फेसबुकने पुन्हा पाहिलं, चूक मान्य केली आणि पोस्ट परत आणली. एप्रिल 2021 च्या निर्णयात बोर्डाने ती पोस्ट काढणं चुकीचं ठरवलं, नियमावली पंजाबीत उपलब्ध करा असं सुचवलं, आणि माणसांकडून होणारी तपासणी महामारीच्या आधीच्या पातळीवर आणायला सांगितलं. ज्या नियमाखाली पोस्ट गेली तो नियम त्या वापरकर्त्याला त्याच्या भाषेत वाचायलाच मिळत नव्हता, हे मला त्या निर्णयातलं सर्वात गंभीर वाटलं.

*

पुन्हा शंकरपटाकडे, अपील पाठवायच्या आधीच्या दिवसाकडे. त्या मुलाने अपिलाच्या चौकटीत पहिल्यांदा लिहिलं होतं: "शर्यतीला सरकारची परवानगी आहे, सुप्रीम कोर्टानेही मान्यता दिली आहे." दोन्ही खरं. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी केली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पण तपासणारा आपल्या कंपनीच्या नियमाची ओळ हातात धरून बसलेला असतो. शर्यत कायदेशीर आहे का, हा त्याचा प्रश्नच नसतो. या दृश्यात जनावराला इजा होताना दिसते का, एवढंच तो बघतो.

मग आम्ही व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. एका ठिकाणी धुरकऱ्याचा हात वर जातो आणि हातात काठीसारखं काही दिसतं. नीट पाहिलं तर तो कासरा होता, दोनदा गुंडाळलेला. दुसरीकडे बैल दोरी ओलांडल्यावर गुडघ्यावर येतो आणि लगेच उठतो. अपील नव्याने असं लिहिलं: अमुक मिनिटाला दिसतो तो कासरा आहे, काठी नाही, बैलाला मार लागत नाही, तमुक मिनिटाला बैल घसरून उठतो, पुढच्या दृश्यात तो चालत जाताना दिसतो, हाळी वऱ्हाडीत आहे, तिचा अर्थ असा. पाच-सहा ओळी. सुदैवाने पहिला मजकूर अजून पाठवायचा राहिला होता. यूट्यूबसारख्या सेवेत एका स्ट्राइकवर एकदाच अपील करता येतं, म्हणून पाठवायच्या आधी मजकूर दुसऱ्या कुणालातरी वाचून दाखवणं बरं.

आणि खरंच काठी असेल, तर नाही म्हणून लिहू नये. राज्याच्या नियमांनाही ती चालत नाही. अशा वेळी अपील करण्यापेक्षा पुढच्या वेळी तो तुकडा कापलेला बरा.

*

पेंडिंग दिसलं की आधी एक गोष्ट बघावी: हरकत कंपनीची आहे की गाण्याच्या मालकाची? पटावर डीजे असतोच. त्या गाण्यामुळे यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा व्हिडिओवर दावा लावते. बहुतेक वेळा व्हिडिओ जागेवरच राहतो, फक्त जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात. कधी मात्र तो ब्लॉक होतो. त्यावर हरकत नोंदवली की कागद कंपनीच्या टेबलावर जातच नाही, थेट दावेदाराकडे जातो. उत्तर द्यायला त्याला 30 दिवस असतात, आणि तो गप्प राहिला तर दावा सुटतो. त्याने हरकत फेटाळली आणि तुम्ही अपील केलं, तर पुढच्या उत्तराला 7 दिवस. म्हणजे इथलं पेंडिंग दुसऱ्याच माणसाची वाट बघणारं असतं. कंपनीला कितीही मेल केले तरी ते हलत नाही, पण मुदत ठरलेली असल्यामुळे कॅलेंडरवर खूण करता येते.

मालकाने रीतसर कॉपीराइटची नोटीस देऊन व्हिडिओ उतरवला असेल, तर रस्ता आणखी निराळा. तिथे प्रतिनोटीस द्यावी लागते, आणि कोर्टात गेल्याचा पुरावा दाखवायला दावेदाराला कामकाजाचे 10 दिवस मिळतात. हा कायदेशीर कागद आहे, त्यावर तुमचं नाव-पत्ता समोरच्याला जातो. गाणं खरंच दुसऱ्याचं असेल तर या वाटेला जाऊ नये. नुसता कंटेंट आयडीचा दावा असेल, तर आवाज काढून टाकण्याची सोय यूट्यूबच्या स्टुडिओतच आहे, ती वापरावी.

*

डिसिजन मेड म्हणजे त्या टेबलाचं काम संपलं. निकाल बाजूने लागला की विरुद्ध, ते त्या शब्दांत नाही. ते उघडून वाचावं लागतं, आणि नुसतं नोटिफिकेशन बघून बाजूला सारणारे बरेच भेटतात. व्हिडिओ परत येतो आणि स्ट्राइकही जाते. किंवा परत येतो, पण वयाची अट लागते, म्हणजे लॉगिन न केलेल्यांना आणि अठराच्या आतल्यांना तो दिसत नाही. किंवा आधीचाच निर्णय कायम राहतो. मधला निकाल पुष्कळांना विजय वाटतो. पटाच्या व्हिडिओचा निम्मा प्रेक्षक शाळा-कॉलेजातली पोरं असतील, तर महिनाभराने आकडे पाहिल्यावर त्याची खरी किंमत कळते.

त्या मुलाला हाच मधला निकाल मिळाला.

*

निकालाच्या मेलची तारीख लगेच लिहून ठेवावी आणि पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा, कारण पुढच्या मुदती तिथून धावतात. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामचा अंतिम निकाल असेल, तर ओव्हरसाइट बोर्डाकडे जायला 15 दिवस असतात. बोर्ड फार थोडी प्रकरणं निवडतं, हे धरूनच अर्ज करावा.

भारतात सरकारी वाटही आहे. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 प्रमाणे प्रत्येक सेवेला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्या नियमांत तक्रारीची पोच 24 तासांत आणि निपटारा 15 दिवसांत असं ठरलं होतं. मुदतींमध्ये सरकार बदल करत असतं, म्हणून अर्ज करायच्या दिवशी ताजा मजकूर बघावा. 50 लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या सेवेने स्वतःहून काही काढलं, तर कारण कळवणं आणि म्हणणं मांडायची संधी देणं तिच्यावर बंधनकारक आहे. "समाजनियमांचा भंग" एवढंच लिहून आलं असेल, तर तक्रारीत हाच मुद्दा पहिला घ्यावा.

एक घोटाळा इथे नेहमी होतो. ॲपमधल्या अपिलाचा निकाल म्हणजे तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय असं लोक धरतात. त्या अधिकाऱ्याकडे वेगळी तक्रार करावी लागते. त्याचं उत्तर पटलं नाही, तर ते मिळाल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. जानेवारी 2023 मध्ये अशा तीन समित्यांची अधिसूचना निघाली आणि 1 मार्च 2023 पासून त्यांचं काम सुरू झालं. सगळं ऑनलाइन चालतं, त्यामुळे वणीहून मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. समितीनेही 30 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं नियमात आहे, आणि तिचा आदेश कंपनीला पाळावा लागतो.

वयाची अट काढून घेण्यासाठी त्या मुलाने आता तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज केला आहे. सोबत तीच मिनिटं, तोच कासरा, आणि पटाच्या परवानगीची प्रत. इथे ती प्रत कामाची आहे, कारण पुढे समितीकडे जायची वेळ आली तर तिथे कंपनीच्या नियमाबरोबर देशाचा कायदाही पाहिला जाईल.